स्ट्रोकनंतर बोलणं गेलेल्या माणसाशी घरी कसं बोलायचं: घरच्यांचे नेहमीचे प्रश्न

डॉक्टरांनी ‘अफेजिया’ लिहून दिलंय. म्हणजे नक्की काय झालंय?

बहुतेक माणसांच्या मेंदूत भाषेचं काम डाव्या बाजूला चालतं. तिथला रक्तपुरवठा तुटला की शब्द शोधणं, वाक्य जुळवणं, ऐकलेल्याचा अर्थ लावणं, वाचणं आणि लिहिणं यांतलं काहीतरी किंवा सगळंच बिघडतं. त्याला अफेजिया म्हणतात, मराठीत वाचाघात. शरीराची उजवी बाजूही डाव्या मेंदूच्याच ताब्यात असते, म्हणून अशा पेशंटचा उजवा हात-पाय बहुधा लुळा पडलेला दिसतो.

पण वाचाघात म्हणजे बुद्धी जाणं नव्हे. तुमच्या वडिलांना तुम्ही कोण हे माहीत असतं, घरात कोणाचं कोणाशी पटत नाही हेही माहीत असतं. ते सांगायचा रस्ता तेवढा तुटलेला असतो. डिमेन्शियात आधी आठवण आणि विचार ढासळतात, इथे तसं नाही. आणखी एक गल्लत होते. जीभ-ओठांचे स्नायू कमजोर झाल्याने बोलणं बोबडं होणं हा वेगळा प्रकार आहे. त्यात शब्द बरोबर असतात, उच्चार अस्पष्ट असतो, आणि माणूस लिहून सगळं सांगू शकतो. दोन्ही एकत्रही असू शकतात. तुमच्या घरी काय आहे ते स्पीच थेरपिस्टकडून स्पष्ट करून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं.

आम्ही बोललेलं त्यांना कळतं का? कधी वाटतं सगळं कळतं, कधी वाटतं काहीच नाही.

दोन्ही खरं असू शकतं. ताटं मांडली आहेत, कुकरची शिट्टी झाली आहे आणि तुम्ही म्हणालात, “चला जेवायला.” ते उठतात. यात शब्दांचं काम फार थोडं असतं, बाकीचं ताटांनी केलं. घरचे यावरून ‘सगळं कळतं’ असं ठरवून टाकतात. मग संध्याकाळी ताटं नाहीत, हातवारे नाहीत, आणि तुम्ही विचारता, “उद्या डॉक्टरकडे जायच्या आधी बँकेत जाऊन यायचं की नंतर?” ते नुसते बघत राहतात.

लांब वाक्य, ‘आधी-नंतर’सारखी जोडणी, भरभर बोलणं, मागे चालू असलेली टीव्ही मालिका, एका वेळी तिघांचं बोलणं, यांत अर्थ निसटतो. म्हणून टीव्ही बंद करा, समोर बसा, आणि आधी विषय सांगा: “उद्याबद्दल बोलतोय. डॉक्टर.” थांबा. मग पुढचं: “सकाळी जायचं.” आवाज चढवू नका. त्यांचे कान बिघडलेले नाहीत. श्रवणयंत्र किंवा चष्मा आधीपासून असेल तर तो लावलेला आहे ना, एवढं मात्र बघा. हॉस्पिटलच्या पिशवीतच राहून गेलेले चष्मे मी बरेच पाहिले आहेत.

शब्द सोपे करा, पण सूर लहान मुलाशी बोलण्याचा नको. ज्यांना तुम्ही कायम ‘अहो’ म्हणत आलात त्यांना आजही ‘अहो’च म्हणा. सूर बरोबर ओळखता येतो, आणि तो लागतो.

हो-नाही तरी नीट सांगतात ना, मग काम भागेल?

इथेच सगळ्यात जास्त घोटाळा होतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

वाचाघातात ‘हो’ आणि ‘नाही’ हे दोन शब्दच एकमेकांच्या जागी येऊ शकतात. मनात ‘नाही’ असतं, तोंडातून ‘हो’ जातं, आणि कित्येकदा ते गेल्याचं त्यांना कळतही नाही. काही जण प्रश्न कळला नाही तरी मान हलवतात, कारण समोरच्याला वाईट वाटू नये ही आयुष्यभराची सवय असते. त्यात आपल्याकडची मान हलवायची तऱ्हा! जरा तिरपी, जरा गोल. धडधाकट माणसाचीही ‘हो’ आणि ‘बघू’ यांतली मान लांबून ओळखू येत नाही.

आपली प्रश्न विचारायची पद्धत यात भर घालते. “चहा नको का?” यावर ‘हो’ म्हणजे काय, हवा की नको? “दुखत नाहीये ना?” यावर ‘नाही’ म्हणजे दुखतंय की दुखत नाही? असे नकारातले प्रश्न घरातून बंदच करा. “चहा हवा?” एवढंच विचारा. “गोळी घेतली की नाही, आणि जेवण?” असे जोडप्रश्नही नकोत. एका वेळी एकच गोष्ट.

मग त्यांच्या ‘हो’वर विश्वास कधी ठेवायचा? एकदा शांतपणे तपासून घ्या. उत्तर तुम्हाला पक्कं माहीत आहे असे दहाएक प्रश्न घ्या, खरे आणि खोटे मिसळून: “आपण घरी आहोत का?” “आपण दवाखान्यात आहोत का?” “ही तुमची बहीण का?” “आत्ता रात्र आहे का?” दहापैकी पाचच बरोबर आले तर ते नाणं उडवल्यासारखं आहे, त्या हो-नाहीवर औषध किंवा पैशांचा निर्णय घेऊ नका. बहुतेक सगळे बरोबर आले तरी प्रत्येक उत्तराला एक दुजोरा घ्या. हे का करतोय ते त्यांना आधी सांगा, आणि रोज परीक्षा घेऊ नका.

तोंडापेक्षा हात बऱ्याचदा जास्त खरं बोलतो. एका पुठ्ठ्यावर मोठं ‘हो’ आणि शेजारी बरोबरची खूण, दुसऱ्यावर ‘नाही’ आणि फुली, तिसऱ्यावर प्रश्नचिन्ह. तिसरा पुठ्ठा विसरू नका. ‘मला नक्की माहीत नाही’ किंवा ‘तुझा प्रश्न कळला नाही’ हे सांगायची सोय नसेल तर माणूस पहिल्या दोनांतलं काहीतरी दाखवून मोकळा होतो. तोंडाने ‘हो’ आणि बोट ‘नाही’वर असं झालं, तर दोन्ही तसंच ठेवून विचारा: “तुम्ही हो म्हणालात, बोट नाहीवर आहे. कुठलं खरं?”

ते एकच शब्द सारखा म्हणतात. त्यांना काय हवंय ते शोधायचं कसं?

अंदाजांची सरबत्ती सोडून कागद-पेन घ्या. सांगली-साताऱ्याकडच्या एखाद्या शेतकरी घरात हे कसं घडतं ते पावलापावलाने बघू.

सासरे संध्याकाळपासून “चावी, चावी” म्हणत आहेत आणि दाराकडे हात करत आहेत. मुलगा कपाटाची चावी आणतो, मग मोटारसायकलची, मग ट्रॅक्टरची. ते प्रत्येक वेळी हात झटकतात आणि शेवटी उशीवर मूठ आपटतात. मुलगा चिडून बाहेर जातो.

सून टीव्ही बंद करते आणि त्यांच्या समोर, जरा त्यांच्या डावीकडे बसते. डावीकडे अशासाठी, की डाव्या मेंदूच्या स्ट्रोकमध्ये काहींना दोन्ही डोळ्यांनी उजव्या बाजूचं दिसत नाही; कागद उजवीकडे धरला तर अर्धा वाया. ती म्हणते, “तुम्हाला काय सांगायचंय ते तुम्हाला माहीत आहे. मलाच अजून कळलं नाही. आपण शोधू.” या वाक्याने पुष्कळ राग उतरतो.

मग ती जाड मार्करने मोठ्या अक्षरांत, एकाखाली एक लिहिते: ‘तब्येत’, ‘घरातलं माणूस’, ‘शेत’, ‘दुसरं काही’. प्रत्येक शब्द वाचते, त्यावर बोट ठेवते आणि थांबते. ते ‘शेत’वर बोट ठेवतात. ‘चावी’ आता सोडून द्यायची. ‘शेत’ म्हटलं म्हणून ट्रॅक्टरच्या चावीकडे परत धावायचं नाही.

दुसरा कागद: ‘पाणी’, ‘मजूर’, ‘ऊस’, ‘दुसरं काही’. बोट ‘ऊस’वर. तिसरा: ‘खत’, ‘तोड’, ‘कारखाना’, ‘दुसरं काही’. ते ‘कारखाना’ दाखवतात आणि पहिल्यांदाच खुर्चीत पुढे सरकतात. चौथा: ‘पैसे’, ‘नोंद’, ‘दुसरं काही’. ‘नोंद’. आता तपासणी, आणि दोन्ही बाजूंनी. “उसाची नोंद झाली आहे?” बोट ‘नाही’वर. “नोंद करायची राहिली आहे?” ‘हो’. मग कुठल्या रानाची, ते दोन रानांची नावं लिहून. शेवटी सून सगळं परत सांगते: “ओढ्याकडच्या रानातल्या उसाची कारखान्यात नोंद करायची राहिली आहे. बरोबर?” ते पुठ्ठ्याकडे न बघता स्पष्ट म्हणतात, “हो!”

दहा-पंधरा मिनिटं जातात. चाव्या आणण्यातही तेवढीच गेली होती.

‘चावी’ कुठून आली? सकाळी घरात कपाटाची चावी शोधत होते. एकदा तोंडात आलेला शब्द पुढच्या प्रत्येक विषयाला चिकटतो, हे वाचाघातात नेहमी होतं. म्हणून एकच शब्द वारंवार आला तर तो ‘अडकलेला’ शब्द असू शकतो, असं धरून चालायचं. पेशंट जितका दमलेला, तितका शब्द जास्त अडकतो. अशा वेळी पाच मिनिटं दुसरं काही करून परत बसलेलं बरं.

‘दुसरं काही’ हा पर्याय दर वेळी हवा, नाहीतर तुमच्या चार अंदाजांतलाच एक त्यांच्यावर लादला जातो. ते कायम शेवटचाच किंवा वरचाच शब्द दाखवताहेत असं वाटलं तर क्रम बदलून तोच प्रश्न पुन्हा विचारा. बोट जागेवर जातंय की शब्दावर, ते कळेल. लिहिलेला शब्द अजिबात ओळखता येत नसेल तर शब्दांच्या जागी फोटो ठेवा: घर, शेत, दवाखाना, घरातली माणसं. तुमच्याच मोबाईलने काढलेले. बाजारातल्या चित्रतक्त्यांवरचं सफरचंद आणि विमान घरात कोणाला लागत नाही.

बोलता येत नाही तर लिहून सांगता येईल ना? पाटी दिली, मोबाईल दिला, काहीच जमत नाही.

बोलणं ज्या भाषेवर चालतं तिच्यावरच लिहिणं चालतं. म्हणून वाचाघातात लिहिणंही बहुधा बिघडतं, आणि बाराखडीच्या तक्त्यावर अक्षरं दाखवून शब्द बनवणं तर बोलण्याइतकंच किंवा जास्त अवघड जातं. उजवा हात चालत नाही म्हणून लिहीत नाहीत, हा समज अर्धवट आहे. डाव्या हाताने रेघ ओढता येते, अक्षर आठवत नाही. मात्र काहींना शब्दाचं पहिलं अक्षर किंवा एखादं चित्र काढता येतं. तेवढंही पुष्कळ असतं, म्हणून पाटी समोर राहू द्या. ‘लिहाच’ असा आग्रह मात्र नको.

आकड्यांचंही तसंच. “किती दुखतंय, दहापैकी सांगा” याचं उत्तर विश्वासाचं नसतं. कुठे दुखतंय ते हाताने दाखवू द्या. किती, त्यासाठी हसऱ्यापासून रडक्यापर्यंत चार-पाच चेहरे काढा.

त्यांना शब्द आठवत नसेल तर आपण सांगायचा का?

आधी थांबायचं. आपल्याला दोन सेकंदांची शांतता सुद्धा सहन होत नाही. मनात सावकाश दहापर्यंत मोजा. तरी अडलं तर विचारा, “मदत करू?” काहींना शब्द सुचवलेला आवडतो, काहींचा त्याने चालू विचार तुटतो. एखादी खूण आधीच ठरवून टाका, हात पुढे केला म्हणजे ‘सांग’. पूर्ण शब्दाऐवजी पहिला आवाज दिला तरी काम होतं: “च…” आणि ते म्हणतात “चपाती”.

पण “आधी पाणी म्हणा, मग देतो” हे करू नका. मी हे फार घरांत पाहते, आणि यामागे चांगलाच हेतू असतो. तहानेला ओलीस धरून शब्द येत नाही. ताण वाढला की आहेत ते शब्दही पळतात. ग्लास द्या, देताना “पाणी” म्हणा, झालं.

चुकलेला शब्दही प्रत्येक वेळी दुरुस्त करायचा नाही. ते चादर दाखवून “टॉवेल” म्हणाले आणि तुम्हाला कळलं, तर चादर द्या, “ही घ्या चादर” म्हणा आणि पुढे चला. नातवाला मुलाच्या नावाने हाक मारली, ‘तो’च्या जागी ‘ती’ आलं, तर मुलांना कारण समजावून सांगा. हसू आलंच तर त्यांच्यासोबत हसा.

आरती पूर्ण म्हणतात, शिवी स्पष्ट देतात, मग बायकोचं नाव का येत नाही? मुद्दाम करतात का?

मुद्दाम नाही. पाठ झालेलं, सुरात बसलेलं आणि रागाच्या भरात सुटणारं बोलणं वेगळ्या वाटेने येतं. आरती, पाढे, वारांची नावं, “अरे देवा”, शिव्या हे सगळं एका झटक्यात बाहेर पडतं. त्यात शब्द एकेक करून शोधावा लागत नाही. “तुमच्या बायकोचं नाव काय?” यात नेमका तोच शोध असतो. जन्मात कधी शिवी न दिलेल्या आजींच्या तोंडून शिवी आली की घर हादरतं. त्यांनाही लाज वाटत असते. विषय वाढवू नका.

याचा थोडा उपयोगही होतो. ‘गुरुवार’ सांगायचं असेल तर सोमवारपासून एकत्र सुरू करा आणि गुरुवारवर त्यांना थांबू द्या. गाण्याच्या चालीवर बोलायला शिकवण्याची एक उपचारपद्धत 1970च्या दशकापासून वापरात आहे. पण घरी रोज आरती म्हटल्याने रोजचं बोलणं परत येईल अशी आशा धरू नका. आरती म्हणा ती आनंदासाठी.

आमच्याकडे उलट आहे. आई अखंड बोलते, पण अर्थ लागत नाही. डोक्यावर परिणाम झालाय का?

हाही वाचाघातच. यात बोलण्याचा ओघ आणि सूर शाबूत असतो, पण शब्द चुकीचे किंवा नसलेलेच, आणि आपण चुकीचं बोलतोय हे सुरुवातीला त्यांना जाणवत नाही. समोरच्याला कळत नाही म्हणून त्या चिडतात. ऐकलेलं समजणंही यात जास्त बिघडलेलं असतं.

“आई, काय बोलतेस, नीट बोल” म्हणून उपयोग नाही. हात हलकेच पुढे करून थांबवा, वस्तू किंवा कागद समोर आणा, तुम्ही स्वतः कमी बोला. शब्दांपेक्षा चेहरा आणि सूर ऐका: काळजी आहे, तक्रार आहे की गंमत सांगताहेत? “काळजी वाटतेय का?” इतकं जरी बरोबर ओळखलं तरी त्या शांत होतात.

भेटायला येणाऱ्यांना कसं सांभाळायचं?

“ओळखलंस का मला? सांग बरं माझं नाव!” हा प्रश्न दारातच थांबवा. नाव काढणं हे वाचाघातातलं सर्वांत अवघड काम, आणि पाहुणे नेमकं तेच सगळ्यांसमोर मागतात. त्यांना आधीच सांगा, की ओळख पटते, नाव येत नाही; तुमचं नाव तुम्हीच सांगा. एका वेळी दोघांपेक्षा जास्त जण नकोत आणि अर्धा तास पुरे. पेशंटसमोर पेशंटबद्दल ‘यांना काही कळत नाही हो’ अशी चर्चा करणाऱ्या काकांना सरळ चहाच्या निमित्ताने स्वयंपाकघरात न्या.

फोनपेक्षा व्हिडिओ कॉल बरा, चेहरा दिसतो.

घरी मालवणी, बाहेर मराठी, नातवंडांशी इंग्रजी. आता कुठली भाषा बोलायची?

स्ट्रोकच्या आधी तुम्ही त्यांच्याशी जी बोलत होता ती. मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी जी असेल ती. ‘शुद्ध’ मराठीचा आता अट्टहास कशाला? अनेक भाषा येणाऱ्यांच्या बहुधा सगळ्याच भाषांवर परिणाम होतो, पण सारखा होतोच असं नाही, आणि कुठली आधी परत येईल हे सांगता येत नाही. एका वाक्यात तीन भाषांची खिचडी मात्र टाळा.

किती सुधारणा होईल? थेरपी कुठे मिळते?

सर्वांत वेगाने सुधारणा पहिल्या काही आठवड्यांत आणि साधारण पहिल्या तीन महिन्यांत दिसते. नंतर वेग कमी होतो, पण वर्षानंतरही थेरपीने फरक पडलेला दिसतो. ‘सहा महिन्यांनंतर काही होत नाही’ हे खरं नाही. पूर्ण पहिल्यासारखं होईल का, हे मात्र कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर सावध राहा. वाचाघात बरा करणारी म्हणून सिद्ध झालेली गोळी आज नाही.

थेरपिस्ट भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणीकृत आहे ना ते विचारा. मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आणि नायर हॉस्पिटलमधलं वाचा-श्रवण विद्यालय ही सरकारी आणि महापालिकेची ठिकाणं आहेत. तालुक्याच्या गावी कोणी नसेल तर व्हिडिओवरूनही सत्रं होतात, पण त्या वेळी घरचं एक माणूस शेजारी बसायलाच हवं. झोप, भूक उडणं, सतत रडणं, कशातच मन न लागणं असं आठवडे चाललं तर न्यूरॉलॉजिस्टना सांगा. स्ट्रोकनंतर नैराश्य बऱ्याच जणांना येतं, त्यावर उपचार आहेत, आणि या पेशंटला ते शब्दांत सांगता येत नाही.

बँक, सही आणि प्रमाणपत्राचं काय?

सही जमत नसेल तर बँकेत अंगठा चालतो. आजारी खातेदारासाठी रिझर्व्ह बँकेच्या सूचनांत दोन साक्षीदारांसमोर अंगठा घेण्याची सोय आहे, त्यांतला एक बँकेचा अधिकारी असतो. अंगठा घेण्याआधी व्यवहार काय आहे ते वरच्या कागदाच्या पद्धतीने त्यांना समजावा आणि त्यांचा हो-नाही घ्या. पैसे त्यांचे आहेत. बोलता येत नाही म्हणून परस्पर सह्या उरकणाऱ्या घरांत पुढे भांडणं होतात.

2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात ‘वाचा आणि भाषा दिव्यांगता’ हा प्रकार आहे आणि त्यात अफेजियाचा स्पष्ट उल्लेख आहे. दोष कायमचा राहिला तर प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो. तिथल्या खिडकीवर ‘बोलणं गेलं त्याला प्रमाणपत्र नसतं’ असं ऐकायला मिळालं तर हा कायदा दाखवा.

बोलणं सुधारत होतं, आज अचानक बिघडलं. काय करू?

दमणूक, कमी झोप, ताप किंवा लघवीचा संसर्ग यांनी एखादा दिवस वाईट जातो. पण बोलणं काही मिनिटांत एकदम गेलं, तोंड वाकडं झालं, हात-पाय आणखी पडला किंवा झटका आला, तर नवा स्ट्रोक धरून लगेच 108ला फोन करा आणि सीटी स्कॅनची सोय असलेल्या हॉस्पिटलला न्या. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सुरुवातीपासून साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. शेवटचं नीट कधी बोलले ती वेळ लिहून सोबत न्या, आणि त्यांचं आधीचं बोलणं कितपत होतं हे डॉक्टरांना पहिल्या वाक्यातच सांगा. नाहीतर जुना वाचाघात आणि नवा यांत वेळ जातो. मोबाईलमध्ये त्यांचा बोलतानाचा अलीकडचा व्हिडिओ असेल तर तोच दाखवा.